डे रेट की परमनंट पगार? हिशोब तपासून द्या

काठावरचा
आहे त्याच कामासाठी एका क्लायंटकडून कॉन्ट्रॅक्टची ऑफर आहे. खरी रक्कम इथे टाकत नाही, प्रमाण सांगतो. मिळणारा रोजचा दर १०० धरला, तर माझा सध्याचा वार्षिक पगार १८,००० होतो. वर्षात कामाचे दिवस साधारण २६०, म्हणजे कॉन्ट्रॅक्टचे २६,०००. चव्वेचाळीस टक्के वाढ! घरचे म्हणतात, काहीतरी गोम असणार. कुठे आहे?

दीडपट
२६० तच आहे. सणवार १०, रजा २०, आजारपण ५. हे ३५ दिवस बिनपगारी, म्हणून २२५ ने गुणा. शिवाय पगाराच्या बाजूला त्याच ३५ दिवसांच्या भरपगारी रजेचे साधारण २,४०० मिळवा, कंपनीचा पेन्शनचा वाटा, विमा, बोनस मिळवा. एवढं नको असेल तर सोपा नियम: पगार भागिले २६०, गुणिले दीड. तुमचं १०४ येतं. १०० ला घेऊ नका.

निळी शाई
मला तर कॉन्ट्रॅक्टमध्येही दर महिन्याला ठरलेली रक्कम मिळते आणि रजा घेतली तरी कापत नाहीत. मग कसला तोटा?

काठावरचा
ताई, माझ्याकडे तसं नाही. क्लायंटने टाइमशीट मंजूर केली तरच तो दिवस धरणार.

वहीखाते
दीडपट यांचे २२५ बरोबर, पण पुढे रजा दोनदा मोजली गेली. १८,००० हा बारा महिन्यांचा पगार आहे, रजेचे पैसे त्यात आलेलेच आहेत. कॉन्ट्रॅक्टच्या बाजूने ३५ दिवस वजा केले की रजेचा विषय संपला. विम्याचंही तसंच: स्वतः भरायचा हप्ता कॉन्ट्रॅक्टमधून वजा करा किंवा कंपनी भरते तो पगारात मिळवा, दोन्ही नको.

काठावरचा, पेन्शनचा वाटा आणि बोनस किती?

काठावरचा
पेन्शनमध्ये कंपनी पगाराच्या १० टक्के घालते. बोनस दरवर्षी वेगळा, सरासरी ९०० धरा. विमा, अकाउंटंट, लॅपटॉप मिळून माझा खर्च १,३०० च्या आसपास जाईल.

वहीखाते
मग पगाराची बाजू १८,००० + १,८०० + ९०० = २०,७००. कॉन्ट्रॅक्टमध्ये हातात तेवढेच उरायचे तर १,३०० धरून २२,००० चं बिलिंग हवं. १०० च्या दराने २२० दिवस. तुमच्याकडे आहेत २२५. म्हणजे एक कॉन्ट्रॅक्ट संपून दुसरं लागेपर्यंत वर्षात फक्त पाच दिवस रिकामे गेले तरच बरोबरी. तीन आठवडे, म्हणजे कामाचे १५ दिवस गेले तर २१० उरतात आणि लागणारा दर १०५ च्या जवळ जातो. दीडपटचा नियम इथे जमून आला, पण त्यात ना तुमचा बोनस आहे ना रिकामे दिवस, त्यामुळे पुढच्या माणसाला तो जमेलच असं नाही. हे सगळं करापूर्वीचं. कर दोन्हीकडे वेगळा बसू शकतो, तो नंतर लावा.

दीडपट
रजा दोनदा धरली हे मान्य. पण आमच्याकडे उरलेल्या रजेचे पैसे देतात, ते तरी पगारात मिळवाल की नाही?

वहीखाते
मिळवा, पण मग तेवढे दिवस तो माणूस कामावर होता. कॉन्ट्रॅक्टवालाही ते दिवस काम करून बिल लावेल, म्हणून त्याचे २२५ वाढवा. दोन्ही बाजूंना काम केलेले दिवस सारखे हवेत, नाहीतर तुलनाच होत नाही.

उंबरठा
माझ्या क्लायंटचं ऑफिस वर्षाखेरीस दोन आठवडे बंद असतं आणि त्या दिवसांची टाइमशीट उघडतच नाही. सही करताना हे कोणी सांगितलं नव्हतं, पहिल्या डिसेंबरात कळलं. काठावरचा, त्यांच्या बंदचे दिवस तुमच्या २० रजांमध्ये बसतात का ते विचारून घ्या. नाही बसले तर रिकामे दिवस तिथूनच सुरू होतात. बिल मंजूर झाल्यावर पैसे किती दिवसांनी मिळतात, तेही विचारा. आमच्याकडे ४५ दिवस लागतात, सुरुवातीला दोन-अडीच महिने घरखर्च साठवणीतून गेला.

दीडपट
एक मुद्दा राहतोच. रिकामे दिवस फक्त कॉन्ट्रॅक्टवाल्याच्याच माथी का? परमनंटवाल्यांनाही काढतात.

वहीखाते
काढतात, पण बहुतेक वेळा नोटिशीचा पगार देऊन. काठावरचा, तुमच्या कॉन्ट्रॅक्टला नोटीस किती आहे?

काठावरचा
एक आठवडा. आणि मुदत सहा महिने, पुढे वाढेल असं तोंडी सांगितलंय.

वहीखाते
मग वर्षात दोनदा खंड पडू शकतो. मी ११० मागितले असते. १०० वरच अडले तर निदान नोटीस महिन्याची करून घ्या.

निळी शाई
११० ला सरळ नाही म्हणतील हो. माझं ऐका, महिन्याची रक्कम ठरवून मागा.

काठावरचा
बंदचे दिवस आणि पैसे मिळण्याची मुदत आजच मेल करून विचारतो. ११० चं धाडस होतंय का बघू, १०५ च्या खाली मात्र जाणार नाही.