मदत हवी आहे : सर्व्हर बदलल्यावर जुने ॲप बंद पडले

आमच्या दूध संकलन केंद्रासाठी मी एक अँड्रॉइड ॲप सांभाळतो. गेल्या आठवड्यात सर्व्हरवर `rate` हा आकडा फॅटनुसार दरांच्या यादीत बदलला, आणि जुन्या आवृत्तीत दराच्या जागी पांढरा पडदा दिसू लागला. ॲप उघडताच सर्व्हरकडून किमान आवृत्ती विचारून घेते आणि स्वतःची आवृत्ती त्याहून जुनी असल्यास ‘अपडेट करा’ असा पडदा दाखवते. परंतु मी ही तुलना मजकूर म्हणून केली होती (चूक माझीच), त्यामुळे पुढील विधान खरे ठरते:

```
"1.10.0" < "1.9.0"
```

परिणामी किमान आवृत्ती 1.9.0 ठेवताच 1.10.0 वापरणारेच अडकले. यापुढे `versionCode` हा पूर्णांक तपासण्याचे ठरवले आहे. खरी अडचण 1.4.0 ची आहे, कारण तिच्यात ही तपासणीच नाही आणि नसलेला पडदा सर्व्हर तिच्याकडून दाखवून घेऊ शकत नाही. जुना पत्ता चालू ठेवून तिला जुन्याच साच्यात उत्तर द्यावे आणि तिथल्या सूचनेच्या रकान्यात अपडेटचा निरोप पाठवावा, असा माझा विचार आहे. असे कोणी केले आहे का, आणि जुना पत्ता कधी बंद करावा हे कशावरून ठरवले?