मदत हवी आहे: मच्छी थाळीचे मेसेज कसे आणि कधी टाकावेत?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत घरूनच मच्छी थाळीचे डबे देते. मासा कुठला मिळणार हे सकाळी बाजारात गेल्याशिवाय कळत नाही. रात्री स्टेटसला ‘उद्या सुरमई’ टाकावं आणि हाती बांगडा यावा, की गिऱ्हाईक नाराज! म्हणून रात्री फक्त ‘उद्या थाळी आहे, हवी असल्यास कळवा’ एवढंच टाकते. मग साडेआठला ब्रॉडकास्ट:

“आज ताजा बांगडा. तिखलं, एक फ्राय, भात, दोन भाकऱ्या, सोलकढी. १८० रुपये. ऑर्डर साडेदहापर्यंत, डबा साडेबाराला.”

ब्रॉडकास्ट पोचतो तो माझा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून डब्यावर ‘नंबर सेव्ह करा, रोजचा मासा कळेल’ अशी चिठ्ठी लावते.

आता विचारायचं असं: हा मेसेज रोज गेला तर लोक वैतागून ब्लॉक करतील का? की ब्रॉडकास्ट बुधवार, शुक्रवार, रविवारीच आणि बाकी दिवस नुसतं स्टेटस? शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, पाठोपाठ श्रावण. तेव्हा सुकटवाले आणि शाकाहारी अशा दोन याद्या वेगळ्या कराव्यात का? कुणी केल्या असतील तर नमुना मेसेज टाका ना.