मदत हवी आहे: खिडकी आणि एक टेबल लॅम्प, तरी चेहरा अर्धा केशरी, अर्धा आजारी दिसतोय

चाफेकळी
उद्या रात्री आठपर्यंत ऑडिशनची सेल्फ टेप पाठवायची आहे. दीड मिनिटाचा संवाद, मिड क्लोज. खिडकीशेजारी बसून फोनवर काढतेय. खिडकीकडचा गाल बरा उजळतो, पण नाकाची सावली दुसऱ्या गालावर पसरते आणि डोळ्यांखाली काळं येतं. म्हणून त्या बाजूला टेबल लॅम्प लावला. आता तो गाल केशरी दिसतोय आणि खिडकीकडचा आजारी माणसासारखा. मी सावळी आहे, मेकअप म्हणजे काजळ आणि थोडी कॉम्पॅक्ट. याआधीच्या टेपवर "लाइट बघा" एवढंच उत्तर आलं होतं. नवीन काही घ्यायला वेळ नाही आणि पैसेही नाहीत. लॅम्प नक्की कुठे ठेवू, एवढंच सांगा.

केल्विन_पवार
लॅम्पमध्ये वॉर्म व्हाइट बल्ब असणार, म्हणजे २७०० किंवा ३००० केल्विन. खिडकीतला उजेड ५५०० ते ६५०० च्या आसपास असतो. फोन दोन्हींना एकदम न्याय देऊच शकत नाही. कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून ६५०० चा कूल डेलाइट बल्ब आणा आणि तोच लॅम्प त्याच जागी ठेवा. रंग जुळला की विषय संपला.

सुमेधा_दहिसर
माझ्या मुलाची पुढच्या आठवड्यात ऑनलाइन मुलाखत आहे. त्याच्या चष्म्यात अख्खी खिडकी चमकते, डोळेच दिसत नाहीत. त्यालाही हाच उपाय चालेल का?

चाफेकळी
@केल्विन_पवार तेही करून बघितलं. बाथरूममधला पांढरा बल्ब काढून लावला. केशरी गेलं, पण आता लॅम्पकडचा गाल गुलाबी वाटतो आणि खिडकीकडचा हिरवट राहतोच.

केल्विन_पवार
मग बल्ब हलक्या दर्जाचा आहे. पाकिटावर सीआरआय बघा. तो कमी असेल तर त्वचेतला लाल रंग मरतो आणि चेहरा फिका, मातकट दिसतो.

थर्माकोल
मी बरीच वर्षं लाइट डिपार्टमेंटला काम केलं आहे. सीआरआयचं म्हणणं बरोबर आहे, पण इथे हिरवट दिसतोय तो खिडकीकडचा गाल, बल्बकडचा नाही. त्यामुळे ताई, आधी खिडकीबद्दल सांगा. समोर काय आहे? काच रंगीत आहे का? खिडकीपासून किती लांब बसता?

चाफेकळी
साधी स्लायडिंग खिडकी, काच पांढरी. विक्रोळी, कन्नमवार नगर, दुसरा मजला. अडीच-तीन फुटांवर बसते. समोर काही नाही, बिल्डिंगचं रिपेअरिंग चालू आहे म्हणून बाहेर परांची आणि जाळी आहे, बस. पण उजेड भरपूर येतो. लॅम्पचं सांगा ना प्लीज.

थर्माकोल
जाळी हिरवी ना?

चाफेकळी
हो, हिरवीच असते ना सगळीकडे.

थर्माकोल
मग दुखणं तिथे आहे. तुमच्या खिडकीतून दिवसाचा उजेड येत नाही, हिरव्या कापडातून गाळलेला उजेड येतो. डोळ्यांना घरात बसून तो जाणवत नाही, कारण डोळे पाच मिनिटांत सरावतात. फोनही सरावायचा प्रयत्न करतो. हिरवं कमी करायला तो सगळ्या चित्रात किरमिजी रंग चढवतो. मग पांढऱ्या बल्बने उजळलेला गाल, जो मुळात हिरवा नव्हता, तो गुलाबी होतो. म्हणजे तुमचा बाथरूमचा बल्ब कदाचित बराच बरा आहे.

एक ए-फोर कागद घ्या, मधोमध दुमडून उभा करा, घडी कॅमेऱ्याकडे. एक बाजू खिडकीकडे, दुसरी लॅम्पकडे. चेहरा जिथे असतो तिथेच धरा आणि फोनमधून बघा. दोन बाजू दोन रंगांच्या दिसल्या, तर लॅम्प कुठेही सरकवा, गालही दोन रंगांचेच दिसणार.

केल्विन_पवार
पण व्हाइट बॅलन्स मॅन्युअल केला की हेही सुटेल. प्रो मोडमध्ये WB असतो.

थर्माकोल
त्या WB मध्ये बहुतेक फोनवर केल्विनचा एकच आकडा सरकतो. तो पिवळ्याकडून निळ्याकडे जातो. हिरवं आणि किरमिजी हा वेगळा हिशोब आहे, तो त्या आकड्यात येतच नाही. म्हणून दोन्ही उजेड ६५०० असले तरी एक हिरवट आणि एक साफ असू शकतो. एडिटिंग ॲपमध्ये Tint नावाची पट्टी असते, ती हिरवं काढते. पण ती पूर्ण चित्रावर चालते, एका गालावर नाही. म्हणून चेहऱ्यावर एकाच जातीचा उजेड हवा.

बोरीवली_पूर्व
मुळात ती जाळी काढायला सांगा सोसायटीला. आमच्याकडे काम थांबलं तरी जाळी तशीच होती. घरात वारा नाही, दिवसा ट्यूबलाइट लावावी लागायची.

शिंदे_सर
परांची असेपर्यंत जाळी काढून चालत नाही. वरून प्लास्टरचे तुकडे पडतात, खाली मुलं खेळतात. एका टेपसाठी जाळी काढा म्हणणं योग्य नाही.

बोरीवली_पूर्व
एका खिडकीपुरती बाजूला करता येते, कंत्राटदाराचा माणूस करून देतो.

चाफेकळी
उद्या टेप द्यायची आहे, जाळीचं नंतर बघा. कागद धरून बघितला. खिडकीची बाजू चक्क पोपटी, लॅम्पची बाजू पांढरी. मग आता काय करू?

रिंगलाइट_प्रेमी
शेजारी कुणाकडे रिंग लाइट असेलच. समोर लावा, सावली गायब. एवढा विचार कशाला करायचा?

थर्माकोल
रिंग लाइट समोर लावून खिडकी तशीच ठेवली तर पुन्हा दोन रंगच. शिवाय अगदी समोरचा उजेड सगळं सपाट करतो, नाकाचा आकार जातो आणि कपाळ चमकतं.

ताई, असं करा. लॅम्प बंद. घरातली ट्यूबही बंद. खिडकी तुमच्या बाजूला न ठेवता तिरकी समोर येईल असे बसा, म्हणजे नाक खिडकी आणि फोन यांच्या मधोमध कुठेतरी रोखलेलं असेल. एवढ्यानेच नाकाची सावली आखडते. आता सावलीच्या बाजूला, चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, फ्रेमच्या जरा बाहेर एक मोठी पांढरी वस्तू उभी करा. थर्माकोलची शीट उत्तम, नसेल तर खुर्चीच्या पाठीवर पांढरी चादर दुहेरी घालून ताणून बसवा. वहीच्या कागदाएवढी चालणार नाही, निदान उशीच्या दुप्पट हवी. सेटवर आम्ही हेच करतो. चादर खिडकीचाच उजेड परत गालावर टाकते, त्यामुळे तोही तेवढाच हिरवट असतो आणि दोन्ही गाल एका रंगाचे होतात. मग WB एका आकड्यावर ठेवून द्या, ऑटोवर नको, नाहीतर मान हलवली की रंग बदलेल. टेपच्या सुरुवातीला कागद चेहऱ्याजवळ दोन सेकंद धरा. नंतर कागद पांढरा दिसेपर्यंत Tint किरमिजीकडे सरकवा आणि तेवढा तुकडा कापून टाका.

केल्विन_पवार
चादरीत नीळ असेल तर रंग येईल. बाकी पद्धत मान्य. पण मी असतो तर खिडकीला जाड पडदा लावून फक्त लॅम्पवर केलं असतं. जाळीवर ढग आला की उजेड बदलतो, दीड मिनिटात दोनदा.

थर्माकोल
ढगाचं खरं आहे. पडदा लावायचा तर लॅम्प उघडा मारू नका. चेहऱ्यापासून दोन फुटांवर दोरीला पातळ पांढरं सुती कापड टांगा आणि लॅम्प त्याच्या मागे इतका लांब न्या की सगळं कापड उजळेल. तेव्हा उजेड बल्बएवढ्या ठिपक्यातून न येता सगळ्या कापडातून येतो आणि सावलीची कड विरते. अडचण एकच, नऊ वॉटचा बल्ब कापडाआडून फार मंद पडतो आणि स्वस्त फोन अंधारात चित्रावर दाणे आणतो. दिवसा खिडकीच बरी.

चाफेकळी
चादरीने केलं. फरक खूप आहे, दोन्ही गाल एका रंगाचे झाले! नाकाची सावली आहे पण तिची कड आता दिसत नाही. पण डोळ्यांखाली अजून काळंच. झोप झाली आहे माझी, तरी.

थर्माकोल
झोपेचा संबंध नाही. दुसऱ्या मजल्यावर उजेड जाळीच्या वरच्या भागातून, आकाशाकडून उतरतो, त्यामुळे भुवईची सावली डोळ्यात पडते. मांडीवर पांढरा टॉवेल पसरा. मिड क्लोजमध्ये तो दिसणार नाही. आणि फोन डोळ्यांच्या रेषेत आहे ना?

चाफेकळी
फोन जरा खाली होता, टेबलावर. आता डब्यांवर ठेवला. टॉवेलही घेतला. डोळ्यांत खालून एक छोटी पांढरी चमक आली आहे, डोळे जागे वाटतात. चेहरा मात्र एकूण गडद येतोय, मागची भिंत पांढरी आहे म्हणून का?

थर्माकोल
हो. पांढरी भिंत बघून फोन सगळंच उतरवतो, आणि सावळ्या चेहऱ्याला त्याचा फटका जास्त बसतो. स्क्रीनवर गालावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर लॉक होईल, मग किंचित वर न्या. कपाळावर पांढरा डाग पडायला लागला की थांबा, तिथला रंग नंतर परत येत नाही. भिंतीपासून जमेल तेवढं पुढे या. घाम टिश्यूने टिपत राहा, वर पावडर थापू नका.

शिंदे_सर
सुमेधाताई, तुमचं राहून गेलं. मुलाला खिडकी तिरकी येईल असं बसवा आणि चष्म्याच्या काड्या कानावर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक कॅमेऱ्यात येत नाही. मी ऑनलाइन तास घेताना हेच करतो.

सुमेधा_दहिसर
धन्यवाद सर, आज करून बघते.

चाफेकळी
एक शेवटचं. लॅम्प मोकळाच आहे. त्यात परत पिवळा बल्ब घालून मागच्या कोपऱ्यात भिंतीवर मारला तर? संवाद घरातला, संध्याकाळचा आहे.

थर्माकोल
मारा. चेहऱ्यावर एक थेंबही येऊ देऊ नका, केसांच्या कडेलाही नाही. भिंतीवरचं पिवळं घरचा दिवा वाटतो, गालावर आलं की कावीळ वाटते.

केल्विन_पवार
मी विरोधात आहे. Tint सरकवल्यावर ती भिंत अजून लालसर होईल आणि बघणाऱ्याची नजर तिकडे जाईल. ऑडिशनला मागे साधी भिंतच बरी.

थर्माकोल
जरा लालसर होईल, हे खरं. मला ते चालतं.

चाफेकळी
उद्या सकाळी ऊन यायच्या आत दोन्ही प्रकारे काढते, ढग असला तर तिसरी पडदा लावून. टॉवेल आणि चादर तशीच ठेवली आहे, आईला हात लावू नको म्हणून सांगितलंय.