मदत हवी आहे: फ्रेंच वाक्प्रचारातलं मांजर ठेवू की काढू?

अर्धविराम: फ्रेंचमधून भाषांतर करतेय, ‘दोने सा लांग ओ शा’वर अडलेय. शब्दशः ‘जीभ मांजराला देणे’. तसंच ठेवू की मराठी म्हण शोधू? उद्या मजकूर द्यायचाय, लवकर सांगा.

जुनीवही: अस्सल मराठीच हवं! ‘डुकरांना मुरंबा’ असं फ्रेंच म्हणतात, आपण ‘गाढवाला गुळाची चव काय’ म्हणून मोकळे होतो. इथे ‘दातखीळ बसली’ लिहा.

टाचण: दातखीळ भीतीने बसते हो. हे कोड्याचं उत्तर येत नाही म्हणून हार मानताना म्हणतात. ताई, वाक्य कोण कोणाला म्हणतं? आणि ते मांजर पुढे परत येतं का?

पिंपळपान: मी शाळेत फ्रेंच शिकलो तेव्हा उच्चारांनीच जीव काढला होता. शेवटचं अक्षर लिहायचं आणि गिळायचं!

अर्धविराम: मुलांची गोष्ट आहे, सांगायचं राहिलं. आजी कोडं घालते, नातू हे वाक्य म्हणतो. दोन पानांनी मांजर जांभई देतं आणि तो ओरडतो, ‘माझी जीभ परत दे!’ चित्रही आहे.

टाचण: मग मांजर काढताच येणार नाही, नाहीतर दोन पानांनंतरचा विनोद लंगडा पडेल. पण नुसतं ‘मी जीभ मांजराला दिली’ लिहिलंत, तर कोणी ‘जबान दिली’सारखं वचन समजेल, कोणाला वाटेल पोराची वाचाच गेली. फ्रेंचमध्ये बहुतेकदा कोडं घालणाराच आधी विचारतो, त्याचा फायदा घ्या. आजी: ‘हरलास? देतोस जीभ मांजराला?’ नातू: ‘दिली! आता तूच सांग.’ ‘हरलास’ने अर्थ कळला, तळटीप नको.

जुनीवही: म्हणजे मूळ लेखकाच्या वाक्यात आजीचं वाक्य घुसडायचं? हे भाषांतर नव्हे.

टाचण: पटत नसेल तर दोन्ही नातवाच्याच तोंडी घाला: ‘हरलो! दिली जीभ मांजराला, तूच सांग.’ थोडं सपाट होतं, एवढंच.

अर्धविराम: दुसरं घेते, सपाट तर सपाट. आणखी एक, ‘कानात पिसू घालणे’ म्हणजे संशय जागवणे. तिथेही पिसूच ठेवू?

टाचण: तिथे ‘मनात पाल चुकचुकली’ चपखल बसतं. इतकं रुळलंय की वाचताना पाल कोणाला दिसतच नाही.

पिंपळपान: मला दिसते. तीही पॅरिसच्या भिंतीवर!

जुनीवही: पाल माझ्याही मनात होती, पण या मंडळींनी मांजरातच अडकवलं.

टाचण: ताई, त्या पानावर पिसूचं चित्र नाही ना?

अर्धविराम: थांबा, बघते. कुत्रा कान खाजवतोय.