मदत हवी आहे: RANK आणि COUNTIF ने क्रमांक काढले, पण नावाप्रमाणे सॉर्ट केलं की पहिला-दुसरा बदलतो

शाईपेन

नमस्कार मंडळी. वर्गाच्या निकालाची एक्सेल शीट आहे. A मध्ये हजेरी क्रमांक, B मध्ये नाव, C मध्ये ५०० पैकी एकूण गुण, D मध्ये गणित, E मध्ये विज्ञान. गुण ओळ २ ते ९ मध्ये आहेत. केतकी आणि अर्णव दोघांना ४७१, तर ईशान, ओम आणि मृण्मयी तिघांना ४५२.

नुसता RANK लावला तर १, १, ३, ३, ३, ६ असं येतं. दुसऱ्या शीटवर गुणवत्ता यादी आपोआप बनवायची आहे, तिथे MATCH २ नंबर शोधतो आणि तो नसल्यामुळे #N/A दाखवतो. म्हणून हे वापरलं:

```
=RANK(C2,$C$2:$C$9,0)+COUNTIF($C$2:C2,C2)-1
```

१ ते ८ सगळे नंबर नीट आले. केतकी पहिली, अर्णव दुसरा. मग शीट नावाप्रमाणे सॉर्ट केली तर अर्णव पहिला आणि केतकी दुसरी! गुणांना कुणी हात लावलेला नाही. गंमत म्हणजे ४५२ वाले तिघं जिथल्या तिथे आहेत. फॉर्म्युला बरोबर असेल तर क्रमांक का बदलावा? निकाल लावायचाय, मुलांवर अन्याय नको.

निवांत

RANK समान गुणांना समान नंबर देतो आणि पुढचे नंबर गाळतो, तो त्याचा स्वभावच आहे. तुम्हाला १, १, २ असं सलग हवं असेल तर हे घ्या:

```
=SUMPRODUCT(($C$2:$C$9>C2)/COUNTIF($C$2:$C$9,$C$2:$C$9))+1
```

मधे रिकामा सेल ठेवू नका, शून्याने भागाकार होऊन एरर येते.

शाईपेन

धन्यवाद, पण मला १, १, २ नकोय. प्रत्येकाला वेगळा नंबर हवाय आणि सॉर्ट केल्यावर तो हलता कामा नये.

ओळ_आणि_रकाना

तुमचा फॉर्म्युला सांगितलेलं काम बिनचूक करतोय. त्याला सांगितलंय तेच बघा. `$C$2:C2` मध्ये पहिला C2 डॉलरने बांधलेला आहे आणि दुसरा मोकळा. खाली ओढत गेलात की ओळ ३ मध्ये `$C$2:C3`, ओळ ६ मध्ये `$C$2:C6`. म्हणजे प्रत्येक ओळ विचारते, "वरपासून माझ्यापर्यंत हे गुण किती वेळा आले?" केतकी ओळ ३ मध्ये होती. तिच्यापर्यंत ४७१ एकदाच आले, म्हणून १ + १ − १ = १. अर्णव ओळ ६ मध्ये, तिथवर दोनदा आले, म्हणून १ + २ − १ = २.

थोडक्यात, शीटमध्ये जो वर तो पुढे. नावाप्रमाणे सॉर्ट केल्यावर अर्णव केतकीच्या वर गेला आणि नंबरही घेऊन गेला. ईशान, ओम, मृण्मयी आधीपासूनच वर्णानुक्रमे होते, म्हणून त्यांचा क्रम टिकला. तो योगायोग आहे. Z पासून A सॉर्ट करून बघा, तेही हलतील.

बरोबरी गुणांवरच सुटली पाहिजे. ज्याचं गणित जास्त तो पुढे, असं ठरवलं तर:

```
=RANK(C2,$C$2:$C$9,0)
 +COUNTIFS($C$2:$C$9,C2,$D$2:$D$9,">"&D2)
```

इथे सगळे पट्टे दोन्ही टोकांनी बांधलेले आहेत. "माझ्याइतकेच एकूण गुण असून गणितात माझ्या पुढे किती?" एवढंच तो मोजतो, त्यामुळे कोण कुठल्या ओळीत आहे याला महत्त्व उरत नाही. शेवटी −१ सुद्धा नको, कारण यात माणूस स्वतःला मोजत नाही.

आकडेमोड

इतकं कशाला? एक जादा कॉलम घ्या, त्यात `=C2+D2/1000` आणि त्यावर RANK. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

ओळ_आणि_रकाना

एकूण गुण पूर्ण आकड्यात असतील तर चालेल. गणिताचे १०० गुण म्हणजे ०.१ ची भर, एक गुणाचा फरक त्याने ओलांडला जात नाही. पण C मध्ये टक्के किंवा सरासरी असेल तर घात होतो. ७५.३४ आणि गणित ६०, याचे झाले ७५.४०. दुसऱ्याचे ७५.३३ आणि गणित ९०, त्याचे झाले ७५.४२. मुळात मागे असलेला पुढे गेला, आणि एरर वगैरे काही दिसत नाही. म्हणून मी मोजणीच सुचवतो.

शाईपेन

लावून बघितलं. ओम (गणित ९३) तिसरा आला. पण ईशान आणि मृण्मयी दोघांना गणितात ८८, म्हणून दोघं चौथे आणि ५ गायब. केतकी-अर्णव पुन्हा १, १, कारण दोघांना गणितात ९१.

ओळ_आणि_रकाना

मग विज्ञानाची पायरी जोडा, आधीच्या फॉर्म्युल्याच्या शेपटाला:

```
+COUNTIFS($C$2:$C$9,C2,$D$2:$D$9,D2,$E$2:$E$9,">"&E2)
```

इथे गणित समान असल्याची अट घालायला विसरू नका. ती राहिली तर गणितात पुढे असलेला ओमही विज्ञानासाठी मागे ढकलला जाईल.

धावपट्टी

मध्येच विचारतो. माझ्याकडे शर्यतीच्या वेळा आहेत, कमी सेकंद तो पहिला. हेच चालेल का?

ओळ_आणि_रकाना

चालेल. RANK मध्ये शेवटी 0 ऐवजी 1 द्या. बरोबरी सोडवणाऱ्या कॉलममध्येही कमी आकडा चांगला असेल तर ">" च्या जागी "<".

शाईपेन

ईशान (विज्ञान ९०) चौथा, मृण्मयी (८६) पाचवी. छान! पण केतकी आणि अर्णव दोघांना विज्ञानातही ९४. आता भाषेचे गुण घेऊ का?

जुनी_खतावणी

ताई, कुठेतरी थांबावं लागेल. तिन्ही ठिकाणी समान असतील तर पहिला क्रमांक विभागून द्या, तोच न्याय. एक्सेलला नंबर वेगळा हवा म्हणून एका मुलाला दुसरं का ठरवायचं?

आकडेमोड

पण मग यादीत पुन्हा #N/A येणार ना? त्यांची मूळ अडचण तीच होती.

ओळ_आणि_रकाना

दोन कॉलम करा. F मध्ये वरचा फॉर्म्युला, हा "क्रमांक", छापायचा. इथे १, १, ३ येऊ दे. G मध्ये फक्त यादीसाठी अनुक्रम, तो हजेरी क्रमांकावर सोडवा:

```
=F2+COUNTIFS($F$2:$F$9,F2,$A$2:$A$9,"<"&A2)
```

हजेरी क्रमांक प्रत्येकाचा वेगळा, म्हणून G मध्ये १ ते ८ सगळे येतात आणि सॉर्ट केलं तरी हलत नाहीत. MATCH ने G मध्ये शोधा, पण यादीत नावाशेजारी F चा आकडा आणा. केतकी आणि अर्णव वर-खाली दिसतील, पण दोघांपुढे १ असेल.

शाईपेन

जमलं! नावाने, हजेरीने, गुणांनी, सगळ्या प्रकारे सॉर्ट करून बघितलं, एकही नंबर हलला नाही. मनापासून आभार.

बरोबरीत आधी गणित की आधी विज्ञान, हे आमच्याकडे कुठे लिहिलेलं सापडत नाही. ते मुख्याध्यापकांना विचारून D आणि E ची जागा ठरवते, तोवर निकाल छापत नाही. आणि एक राहिलंच. एका गैरहजर मुलाच्या एकूण गुणांत "AB" लिहिलंय, तिथे #VALUE! येतंय. शून्य टाकू का?

जुनी_खतावणी

शून्य नको! गैरहजर आणि शून्य गुण मिळवलेला मूल एका पारड्यात येतील. F मध्ये सगळा फॉर्म्युला `IF(ISNUMBER(C2), … ,"")` मध्ये गुंडाळा. बाकीच्यांच्या RANK ला त्या "AB" ने काही होत नाही, मजकूर तो सोडून देतो.

निवांत

मग G मध्येही तसंच करावं लागेल, नाहीतर रिकाम्या F मध्ये मोजणी मिळवताना तिथे #VALUE! येईल. आणि AB वाल्याचं नाव यादीत तळाशी हवं की अजिबात नको?

शाईपेन

यादीत हवं, क्रमांकाशिवाय. त्याचं कसं करू?