'धन गट' आणि 'ऋण गट' : फीडलर सदिशाच्या चिन्हांना मराठीत काय म्हणावं?

अनुस्वार
एका व्याख्यानाच्या टिपणांचं मराठी करतेय. विषय असा: ग्राफचे दोन गट पाडायचे. त्यासाठी लाप्लासियन मॅट्रिक्सचं दुसरं सर्वांत लहान आयगेनमूल्य घ्यायचं, त्याचा सदिश, म्हणजेच फीडलर सदिश, काढायचा, आणि ज्या बिंदूंच्या वाट्याला अधिक चिन्ह येईल ते एकीकडे, उणेवाले दुसरीकडे. मी सरळ 'धन गट' आणि 'ऋण गट' लिहिलं. पण पुन्हा वाचताना खटकतंय. ऋण म्हटलं की कर्ज आठवतं आणि तो गट उगाच कमी प्रतीचा वाटतो. शिवाय 'दुसरं सर्वांत लहान' हे मराठी तरी आहे का? सर्वांत लहान एकच असतं ना?

वहीपेन
आठवी-नववीला शिकवतो. आलेखाच्या कागदावर क्ष-अक्षाच्या वरचा भाग धन आणि खालचा ऋण, असंच आम्ही सांगतो. मुलांना कधी अडचण येत नाही. तुमचा आलेख अक्षाला जिथे छेदतो तिथे त्याचे दोन भाग होतात, इतकंच ना?

अनुस्वार
नाही सर, हा तो आलेख नव्हे. इथे ग्राफ म्हणजे बिंदू आणि त्यांच्यामधले जोड. म्हणूनच मी 'आलेख' टाळून 'ग्राफ' ठेवलाय.

खडूफळा
ताई, तुम्हाला खटकतंय ते बरोबर आहे, आणि कारण नुसतं भाषेचं नाही. एक छोटा ग्राफ घेऊ. १, २, ३ हा एक त्रिकोण, ४, ५, ६ हा दुसरा, आणि ३ व ४ यांच्यामध्ये एकच जोड. मॅट्रिक्समध्ये कर्णावर प्रत्येक बिंदूच्या जोडांची संख्या लिहायची आणि जिथे जोड आहे तिथे −1. दोन्ही बाजू सारख्याच असल्यामुळे उत्तर a, a, b, −b, −a, −a या रूपाचं शोधू. आयगेनमूल्याला λ म्हणू. बिंदू १ ची ओळ सांगते a − b = λa. बिंदू ३ ची सांगते 4b − 2a = λb. दोन्ही मिळून λ² − 5λ + 2 = 0, म्हणजे लहान λ सुमारे 0.44. a ला 1 मानलं तर सदिश असा:

1, 1, 0.56, −0.56, −1, −1

पहिले तीन एकीकडे, उरलेले तीन दुसरीकडे, आणि तुटला तो फक्त ३-४ हा जोड. आता सगळ्या सदिशाला −1 ने गुणा. तोही त्याच λ चा सदिश, तितकाच खरा. म्हणजे १, २, ३ हे 'धन' आहेत असं म्हणायला काही आधारच नाही. आधार आहे तो एवढ्यालाच की १ आणि ४ यांची चिन्हं विरुद्ध आहेत. ब्रह्मगुप्ताने 628 साली धन-ऋणाचे नियम सांगितले तेव्हा धन खरोखर संपत्ती होती आणि ऋण खरोखर कर्ज. इथे कोणाकडेच धन नाही.

रस्तेवाला
हे माझ्यावर बेतलेलं आहे. तालुक्यातल्या 41 गावांच्या रस्त्यांचं जाळं दोन पथकांत वाटायचं होतं. मी पायथनमधलं आयगेनसदिश काढणारं `eigsh` वापरलं, नकाशावर अधिकवाली गावं निळी केली, उणेवाली लाल, आणि तक्त्यात चक्क 'धन गट' असं लिहिलं. आठवड्याने तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर सगळे रंग उलटे. साहेबांनी विचारलं, "इतकी गावं एका पथकातून दुसऱ्यात का गेली?" एकही गाव हललं नव्हतं. `eigsh` दर वेळी यादृच्छिक सदिशापासून सुरुवात करतं, म्हणून शेवटी चिन्ह कुठलं पडेल हे ठरलेलं नसतं, हे मला नंतर कळलं. आता तालुक्याचं गाव यादीत पहिलं ठेवतो आणि एक ओळ टाकतो:

```python
if x[0] < 0: x = -x
```

अनुस्वार
मग शब्द सापडला की! ऐलतीर आणि पैलतीर. ऐल कुठलं आणि पैल कुठलं हे आपण कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. तुम्ही तालुक्याच्या गावी उभे राहिलात, म्हणून तो ऐलगट. समोरचा माणूस उलट म्हणेल आणि तोही चुकणार नाही.

खडूफळा
फारच छान. सदिशातल्या आकड्यांनाही हे लागू पडतं. ३ आणि ४ यांना 0.56 मिळालं, कारण ते काठाशी आहेत. 1 वाले आत, गावठाणात.

सांधा
एवढं कशाला? ही पद्धत सर्वांत कमी जोड तोडून दोन भाग करते. 'किमान छेदाचे दोन भाग' म्हणा, विषय संपला.

खडूफळा
अर्धं बरोबर. मूळ प्रश्न तोच आहे: प्रत्येक बिंदूला +1 किंवा −1 द्यायचा, दोन्हीकडे सारखे बिंदू ठेवायचे आणि कमीत कमी जोड तोडायचे. तो सोडवणं अवघड, म्हणून आपण अपूर्णांकांना परवानगी देतो आणि शेवटी चिन्हांकडे बघतो. या सवलतीची किंमत असते. गॅटरी आणि मिलर यांनी एक ग्राफ दाखवला, त्याला 'झुरळ' म्हणतात. दोन लांब समांतर साखळ्या, पुढच्या अर्ध्या भागात मोकळ्या, त्या मिशा. मागच्या अर्ध्यात शिडीसारख्या पायऱ्यांनी जोडलेल्या, ते अंग. मिशा अंगापासून कापल्या तर दोनच जोड तुटतात आणि दोन्ही भाग सारखे होतात. पण चिन्हं वरची साखळी खालच्या साखळीपासून वेगळी करतात आणि शिडीच्या सगळ्या पायऱ्या तुटतात. शिडी जितकी लांब तितकं नुकसान. म्हणून 'किमान' हा शब्द नको.

रस्तेवाला
आणि शून्य आलं तर? माझ्याकडे घाटातल्या एका वाडीला `-3.1e-17` आलं होतं. लाल रंगात गेली बिचारी.

खडूफळा
ते शून्यच, मागचं शेपूट आकडेमोडीतलं. वरच्या ग्राफमध्ये ३ आणि ४ यांच्यामध्ये आणखी एक बिंदू घाला. λ होतं 2 − √3, सुमारे 0.27, आणि मधल्याला नेमकं 0 मिळतं. तो कुठल्याच तीराचा नाही. संगणकाने दिलेलं चिन्ह निव्वळ योगायोग. मी 10⁻⁹ च्या आतलं सगळं वेगळं काढतो आणि हाताने ठरवतो.

अनुस्वार
त्याला 'पात्रातला बिंदू' म्हणते. आता 'दुसरं सर्वांत लहान'?

सांधा
'शून्य सोडून सर्वांत लहान' म्हणा. पहिलं तर नेहमी शून्यच असतं.

खडूफळा
ग्राफ अखंड असेल तरच चालेल. तो आधीच दोन तुकड्यांत असेल तर दुसरंही शून्य असतं, आणि तेच तर सांगत असतं की तुकडे पडलेले आहेत. प्रागच्या मिरोस्लाव्ह फीडलर यांनी 1973 साली या संख्येला ग्राफच्या जोडलेपणाचं बैजिक माप म्हटलं ते यामुळेच. तुमच्या शब्दाने नेमकी ती बातमी गळून जाते. मी वर्गात 'खालून दुसरं' म्हणतो. फक्त प्रोग्रॅममध्ये मोजणी 0 पासून असते, तिथे ते `v[:, 1]`, हे मुलांना दरवर्षी सांगावं लागतं.

वहीपेन
आत्ता कळलं काय चाललंय ते. एक शंका. चौघे गोल बसलेत आणि प्रत्येकाचा हात फक्त शेजाऱ्याच्या हातात आहे. यात नदी कुठून काढणार?

खडूफळा
सर, अगदी मर्मावर बोट ठेवलंत. त्या चौकोनाची मूल्यं 0, 2, 2, 4. खालून दुसरं आणि तिसरं एकच. 1, 1, −1, −1 हाही सदिश चालतो, 1, −1, −1, 1 हाही. नदी उभी काढा नाहीतर आडवी. म्हणून मी दुसऱ्या आणि तिसऱ्या मूल्यातलं अंतर आधी बघतो. ते फार कमी असेल तर चिन्हांवर भिस्त ठेवत नाही.

अनुस्वार
मग ऐल-पैल म्हटल्यावर वाचक नदी आहेच असं धरून चालेल, ही अडचण राहतेच. तूर्त ऐलगट-पैलगट ठेवते आणि पहिल्याच वापरापाशी चौकोनाचं हे उदाहरण घालते. याहून कोरडा शब्द कोणाला सुचला तर सांगा. 'पक्ष' आणि 'प्रतिपक्ष' मी करून पाहिले, पण त्यात भांडण येतं.