फोटोतल्या शिक्क्यावरून काय ठरतं?

‘पाटलीच्या फोटोत 22K916 स्पष्ट दिसतंय. सोलापूरला न जाता पैसे पाठवू का?’

ताई, नका पाठवू. 916 म्हणजे हजारात 916 भाग सोनं, पण हा आकडा कुणीही उमटवू शकतो. त्रिकोणी बीआयएस चिन्हाशेजारचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, मागा आणि BIS Care अ‍ॅपमध्ये Verify HUID मध्ये टाका. तिथे ‘अंगठी’ आलं, तर तो क्रमांक या पाटलीचा नाहीच. बांगडी-पाटली आलं तरी हीच ती, असं ठरत नाही. खरा क्रमांक खोट्या दागिन्यावर कोरता येतो. शिवाय वजन, जोडासाठी नंतर लावलेला डाक, आत भरलेली लाख फोटोत कळतच नाही. विक्रेत्याला सराफ बाजारात भेटा, समोर वजन करा आणि पाटली हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या.